साडेचार मिनिटांची संहिता

आमच्या ग्रामपंचायतीने पावसाळ्याच्या तोंडावर हात धुण्याविषयी एक छोटी चित्रफीत करायचे ठरवले आणि मी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो म्हणून तिची संहिता लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. गाव शिंदखेडा तालुक्यातले, तापी फार लांब नसली तरी उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणारे. चित्रफीत मारुतीच्या पारासमोर पडदा लावून दाखवायची आणि नंतर घरोघरच्या मोबाईलवर पाठवायची, असा बेत होता. म्हणजे पहिलीतली पोरे, शेतातून दमून आलेल्या बाया, ओट्यावर बसणारे म्हातारे आणि कॉलेजात शिकणारी मुले अशा सगळ्यांना एकाच वेळी कळेल असे बोलणे लिहायचे होते. मला वाटले होते की हे दोन संध्याकाळींचे काम आहे. प्रत्यक्षात चार मसुदे झाले आणि त्यातला प्रत्येक मसुदा गावातल्याच कोणाच्या तरी एका प्रश्नामुळे बदलला.

पहिला मसुदा मी शाळेत शिकवतो तसा लिहिला. सुरुवातीला जुलाब, कावीळ, विषमज्वर, जंत अशी आजारांची यादी, मग जंतू म्हणजे काय, मग हात धुण्याच्या सात पायऱ्या आणि शेवटी हात कधी धुवायचे त्या पाच वेळा. मोठ्याने वाचून घड्याळ लावले तर अकरा मिनिटे झाली. तरीही एका संध्याकाळी तो मी शेजारच्या आजींच्या ओट्यावर वाचून दाखवला. ऐकायला आजी, त्यांची सून, गावातल्या आशाताई, शेजारचे एक शेतकरी काका आणि सहावीतली दोन मुले होती. वाचून झाल्यावर "कळले का?" असे मी मुद्दाम विचारले नाही, कारण आमच्याकडे गुरुजींना "नाही कळले" असे कोणी तोंडावर सांगत नाही. त्याऐवजी मी म्हटले, "आता हेच तुम्ही मला सांगा."

आजी म्हणाल्या, "रोगराई व्हस, म्हनीसन हात धवा." काकांना कावीळ तेवढी लक्षात राहिली होती, कारण त्यांच्या घरात ती होऊन गेली होती. मुलांनी जंतूंचे वर्णन केले, पण ते पुस्तकातल्या चित्रासारखे, डोळे आणि दात असलेल्या किड्यांचे होते. हात नेमके कधी धुवायचे, हे सहा जणांपैकी फक्त आशाताईंना सांगता आले आणि त्यांना ते आधीपासूनच ठाऊक होते. अकरा मिनिटांत मी जे सांगितले त्यातले वागण्यात उतरेल असे काहीच त्यांच्याकडे पोहोचले नव्हते.

त्यानंतर आजींनी एक वाक्य सहज बोलून टाकले आणि माझ्या मते संहितेची खरी सुरुवात तिथून झाली. त्यांनी आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, "हात ते साफच दिखतस, मंग साबन कसाले?" शेण, चिखल, तेल, पीठ लागले की हात धुतले जातातच. न दिसणाऱ्या घाणीसाठी ते धुवायचे, ही गोष्ट पटवायला हवी होती. आणि "जंतू" हा शब्द वापरला की आजी तळव्यावर किडा शोधत होत्या, तो दिसला नाही की हात स्वच्छ ठरत होते. मी संहितेतून जंतू हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी सगळीकडे "डोळ्यांना न दिसणारी शी" असे लिहिले. हा शब्द पडद्यावरून सर्वांसमोर ऐकवायला अवघडल्यासारखे होईल, असे सरपंचांना वाटत होते. मात्र ओट्यावर तो पुन्हा वाचला तेव्हा सुनेने नाक मुरडून पदर तोंडाला लावला, आणि आजारांची नावे ऐकताना तिचा चेहरा इतका हललेला मी पाहिला नव्हता.

आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यातील गावांमध्ये हात धुण्याच्या प्रचाराचा एक अभ्यास झाला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रचारात आजाराची भीती दाखवण्याऐवजी किळस आणि आईची माया यांसारख्या भावनांवर भर दिला होता आणि साबणाने हात धुणाऱ्यांचे प्रमाण त्या गावांमध्ये खरोखर वाढले होते. ओट्यावर मी जे पाहिले ते याच्याशी जुळणारे होते. भीती घातली की माणूस ती गोष्ट आपल्या घरची नाही असे मानून मोकळा होतो, पण किळस आली की हात आपोआप मागे येतो.

दुसऱ्या मसुद्यात मी पाच वेळांच्या दोन केल्या. शौचाहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी आणि बाळाला भरवण्याआधी, अशा पाच वेळा आरोग्य विभागाच्या पत्रकांमध्ये असतात आणि त्या बरोबरच आहेत. पण ऐकताना पाचवी येईपर्यंत पहिली विसरली जाते. म्हणून मी लिहिले: "शी-शौचाशी हात लागला की साबणाने धुवा. तोंडात जाणाऱ्या वस्तूला हात लावण्याआधी साबणाने धुवा." या दोन वाक्यांत पाचही वेळा बसतात. पाळणाघरातल्या मुलापासून आजींपर्यंत सगळ्यांना ती दुसऱ्या दिवशीही म्हणून दाखवता आली.

या दोन वाक्यांना जोडणारे एक दृश्य हवे होते. मी लिहिलेले दृश्य असे होते: सून चुलीपुढे बसून परातीत भाकरी थापते आहे. अंगणात बाळ शी करते. ती उठते, डाव्या हाताने बाळाला धुते, हातावर तांब्याभर पाणी घेते, हात पदराला पुसते आणि परत येऊन तीच भाकरी थापू लागते. पडद्यावर हे दिसले की सगळ्यांना किळस येईल, असा माझा अंदाज होता, आणि ती आलीही. पण ऐकणाऱ्यांपैकी आजींच्या सुनेने विचारले, "गुरुजी, भाकरी तर तव्यावर भाजली जाते, वर निखाऱ्यावर शेकली जाते. मग त्यात राहिलेच काय?"

तिचे म्हणणे बरोबर होते आणि माझी चूक होती. चांगल्या शेकलेल्या भाकरीच्या आचेत ती न दिसणारी घाण जगत नाही. मी तेच दृश्य ठेवले असते तर चुलीपुढे बसणारी प्रत्येक बाई मनात हाच प्रश्न घेऊन उठली असती आणि मग संहितेतल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही तिचा विश्वास गेला असता. आम्ही दोघांनी बसून त्याच हातांचा पुढचा प्रवास मांडला. भाकरी भाजून झाल्यावर तोच हात ती भाकरी मोडतो. तोच हात कच्चा कांदा फोडतो, शेंगदाण्याच्या चटणीत बुडतो, माठात गडवा घालताना बोटे पाण्यात बुडवतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तोच हात वाटीत दूध-भाकरी बोटांनी कुस्करून बाळाच्या तोंडात घालतो. यातल्या कशालाही पुन्हा आच लागत नाही. नखांच्या खाली जे अडकलेले असते ते कुस्करताना थेट दुधात उतरते, आणि ते कोमट दूध तसेच थोडा वेळ राहिले तर त्यात ती घाण वाढतेही.

म्हणून भाकरी थापण्याचे दृश्य गेले आणि दूध-भाकरी कुस्करण्याचे दृश्य आले. संपूर्ण चित्रफितीचा कणा आता तेच आहे. ते लिहिताना आणखी एक समज समोर आला. तान्ह्या बाळाची शी घाण नसते, त्याने अजून अन्नही खाल्लेले नसते, असे आमच्याकडे अनेक घरांत मानले जाते. म्हणून त्यानंतर साबण लावण्याची गरज कोणाला वाटत नाही. खरे तर लहान मुलांना पोटाचे संसर्ग मोठ्यांपेक्षा जास्त वेळा होतात, त्यामुळे त्यांच्या शीतूनही ते पसरतात. हे मी आशाताईंच्या तोंडी एकाच वाक्यात ठेवले: "बाळ लहान आहे म्हणून त्याची शी लहान समजू नका, तिच्यातूनही आजार पसरतो." आजींनी ते दोनदा म्हणायला लावले, त्यावरून ते वाक्य ठेवायचे हे ठरले.

दृश्यात फक्त सूनच असली तर पुरुषमंडळी हे बायकांचे काम म्हणून उठून जातील, ही काळजी आशाताईंनी बोलून दाखवली. म्हणून मी काकांसाठी एक दृश्य लिहिले. ते शौचाहून येतात, टमरेल ठेवतात आणि पारावर बसून तळहातावर तंबाखू-चुना मळतात. ते दृश्य अगदी खरे होते, पण आरोग्याच्या चित्रफितीत तंबाखू मळताना दाखवायची नाही, असे आशाताईंनी ठामपणे सांगितले आणि ते मला पटले. आता त्या जागी काका खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढून फोडतात आणि दाणे नातवाच्या तोंडात घालतात. कपाशीवर फवारणी करून आल्यानंतर हात धुण्याचा मुद्दाही काकांनी सुचवला होता. तो मी विचार करून बाहेर ठेवला. औषध फवारल्यानंतर नुसते हात धुणे पुरत नाही, अंघोळ करावी लागते, कपडे बदलून वेगळे धुवावे लागतात. वीस सेकंदांच्या हात धुण्यात तो विषय कोंबला असता तर लोकांना चुकीचा दिलासा मिळाला असता.

नुसते पाणी पुरत नाही, हे सांगण्यापेक्षा दाखवायचे ठरले. पहिल्या प्रयत्नात आम्ही एका मुलाच्या हाताला गोडेतेल आणि हळद चोळली. पाण्याने धुतल्यावर पिवळेपणा राहिला, तिथपर्यंत ठीक होते. पण साबणाने धुतल्यावरही तळवा फिकट पिवळाच राहिला, कारण हळद कातडीलाच रंग देते. आजी लगेच म्हणाल्या की मग साबणाचा तरी काय उपयोग. दुसऱ्या दिवशी मी हळदीऐवजी दालचिनीची बारीक वाटलेली पूड वापरली. चमचाभर तेल दोन्ही हातांना चोळून वर चिमूटभर पूड भुरभुरवली की हात तपकिरी ठिपक्यांनी भरतो, पण रंग चढत नाही. गडवाभर पाणी ओतले तरी तेलामुळे पाणी घरंगळून गेले आणि पूड जवळजवळ होती तिथेच राहिली. मग साबण लावून चोळल्यावर फेसाबरोबर ती तपकिरी होऊन वाहून गेली. शीतली घाणही हाताच्या तेलकटपणात अशीच अडकून बसते आणि साबण तिला मुख्यतः मारत नाही तर कातडीपासून सोडवतो, मग पाणी तिला वाहून नेते, हे एवढ्यात सगळ्यांना दिसले.

या प्रयोगाने मला न मागता आणखी एक गोष्ट दिली. मुलाने त्याच्या नेहमीच्या सवयीने, म्हणजे दोन तळवे तीन-चार वेळा एकमेकांवर घासून हात धुतले, तेव्हा तळवे लख्ख झाले. पण अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला आणि हाताच्या मागच्या बाजूला पूड जशीच्या तशी होती. सुनेने हात पुढे केला तेव्हा अंगठीखाली एक तपकिरी कडे निघाले. सात पायऱ्यांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा हे चार ठिकाण दाखवणे जास्त उपयोगाचे आहे, असे माझे मत तिथेच बनले. संहितेत आता पायऱ्यांना आकडे नाहीत. आवाज एवढेच म्हणतो: "तळवे चोळले. आता हाताची मागची बाजू. बोटांच्या मधल्या फटी. अंगठा मुठीत धरून फिरवा. नखे तळव्यावर घासा. अंगठी असेल तर सरकवा." दाखवलेली पूड म्हणजे ती घाण नव्हे, हात कुठे चुकतो एवढेच ती दाखवते, हेही एका वाक्यात सांगून ठेवले आहे, नाहीतर लहान मुले दालचिनीलाच घाण समजली असती.

वेळेचा प्रश्न सर्वांत नाजूक निघाला. साबण लावून निदान वीस सेकंद चोळायचे, असे सांगितले जाते. मी पाहिलेल्या चित्रफितींमध्ये मात्र तोंडाने वीस सेकंद म्हणतात आणि पडद्यावर हात पाच सेकंदांत धुऊन होतात, कारण चित्रीकरण कंटाळवाणे वाटू नये म्हणून मधला भाग कापलेला असतो. बघणाऱ्याच्या मनात शब्द राहत नाहीत, दिसलेला वेळ राहतो. मी संहितेत ठळक अक्षरांत लिहिले की हा भाग कापायचा नाही. हात जवळून दिसतील, मागे संगीत नसेल, फक्त शाळेतली मुले एकापासून वीसपर्यंत सावकाश मोजतील. संपादन करणाऱ्या मुलाला हे फार लांब वाटत होते, पण पारावर दाखवताना पुढच्या रांगेतली पोरे सहाव्या-सातव्या आकड्यापासून स्वतःच मोजू लागली आणि हवेत हात चोळू लागली.

आजींना मोजणे नको होते. त्या म्हणाल्या की कामाच्या घाईत आकडे कोण म्हणणार. मग मी त्यांना जात्यावर म्हणतात ती एखादी ओवी म्हणायला लावली आणि घड्याळ पाहिले. त्यांच्या चालीत एका ओवीला अकरा सेकंद लागले, म्हणजे दोन ओव्यांत काम होते. "मुलांनो, वीसपर्यंत मोजा. आजी, तुम्ही दोन ओव्या म्हणा." हे वाक्य त्यातून आले आणि कोणाचाही अपमान न करता सगळ्या वयांना एकत्र घेणारे संहितेतले तेच वाक्य मला सर्वांत आवडते.

एवढे झाल्यावर पाण्याचा मुद्दा उरला होता आणि तो मी टाळला असता तर बाकी सगळे व्यर्थ गेले असते. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरात हात धुण्यासाठी पाणी वाया घालवा असे कोणी ऐकणार नाही. म्हणून आम्ही मोजले. नळाखाली हात धरून ठेवल्यासारखी गडव्याने धार सोडत राहिलो तर दीड-दोन लिटर पाणी गेले. आधी हात ओले करून पाणी थांबवले, वीस सेकंद कोरड्यावरच फेस चोळला आणि मग बारीक धारेने धुतले, तेव्हा अर्ध्या लिटरच्या आसपास पाण्यात काम झाले. पाणी कोमट असण्याचीही गरज नसते, गार पाण्याने तितकेच काम होते. पाण्यापेक्षा साबण चोळण्याचा वेळ महत्त्वाचा, ही गोष्ट या मोजणीमुळे घरधन्यांनाही पटली.

एकट्या माणसाला एका हाताने गडवा ओतत दुसरा हात धुता येत नाही, म्हणून बाटलीची एक युक्ती दाखवली. दोन लिटरच्या जुन्या प्लास्टिक बाटलीला तळाशी, कडेपासून दोन बोटे वर, तापवलेल्या दाभणाने एक बारीक भोक पाडायचे आणि बाटली भरून टोपण घट्ट लावायचे. टोपण घट्ट असेपर्यंत वरून हवा आत जात नाही, म्हणून पाणी थांबून राहते. टोपण अर्धा फेरा सैल केले की भोकातून धार लागते. शाळेतल्या मुलांना हा भाग जादूसारखा वाटला. पहिल्या बाटलीचे भोक मी खिळ्याने मोठे पाडले होते, त्यामुळे टोपण बंद असतानाही थेंब गळत राहिले आणि सकाळपर्यंत बाटली रिकामी झाली. भोक दाभणाच्या जाडीचेच हवे, हे त्यावरून समजले. दुसरी अडचण आशाताईंनी दाखवली. टोपण घाण हाताने उघडले जाते आणि धुतलेल्या हाताने पुन्हा बंद करावे लागते, म्हणजे सुटलेली घाण परत हाताला लागते. म्हणून संहितेत एक कृती वाढली: हात चोळताना फेसाचा हात टोपणावरूनही फिरवायचा आणि शेवटी थोडे पाणी त्यावर घालायचे.

साबण कुठे ठेवायचा, हा प्रश्न छोटा दिसला तरी त्यानेच सगळे अडत होते. मोरीतला साबण अंघोळीचा असतो आणि संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असतो. तिथून मोरीपर्यंत येईपर्यंत माणूस दाराची कडी, गाईची दावण, बाळ असे सगळे हाताळून येतो. संडासाच्या भिंतीवर उघडा ठेवलेला साबण मात्र कावळे उचलून नेतात, आमच्या शाळेतल्या तीन वड्या अशाच गेल्या. शेवटी कांद्याच्या गोणीची लाल जाळी कापून तिच्यात साबण बांधला आणि ती बाटलीशेजारी सुतळीने टांगली. जाळीवरूनच हात घासले की फेस येतो, साबण चिखलात पडत नाही आणि लवकर विरघळतही नाही.

आजींनी राखेचा विषय काढला. त्यांच्या सासूपासून सगळ्यांनी भांडी आणि हात राखेनेच घासले होते. आजवरचे सगळे चुकीचे होते असा सूर लागला की त्या ऐकणे बंद करतात, हे मी पाहिले होते. म्हणून संहितेत त्यांच्याच तोंडी आहे: "साबण नसेल त्या दिवशी चुलीतली कोरडी राख घ्या, अंगणातली माती नको." मातीत जंतांची अंडी असू शकतात, म्हणून माती वगळली. राख हे साबणाच्या तोडीचे साधन आहे असे मात्र कुठेही म्हटलेले नाही. पुसण्याबाबतही एकच वाक्य आहे. हात पदराला किंवा धोतराला पुसायचे नाहीत, झटकून हवेत वाळू द्यायचे, कारण पदराला बाळाचे, गोठ्याचे आणि चुलीचे सगळे लागलेले असते आणि ओल्या हाताला ते पटकन चिकटते.

शेवटच्या मसुद्यात बोलणे तीनशे तीस शब्दांवर आले. ओट्यावर सावकाश वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होत होते, त्यात मोजणीचा आणि शांततेचा वेळ धरून साडेचार मिनिटे झाली. निवेदन साध्या मराठीत आणि पात्रांचे बोलणे अहिराणीत ठेवले. आजी सुनेला म्हणतात, "आधी साबन लाईसन हात धव, मंग पोऱ्याले घास दे." हे वाक्य प्रमाण मराठीत लिहून पाहिले होते, पण तेव्हा आजी स्वतःच्या घरातल्या न वाटता रेडिओवरच्या वाटू लागल्या.

एक वाक्य मी तिसऱ्या मसुद्यापर्यंत ठेवले होते आणि मग खोडले. ते असे होते की हात धुतले तर जुलाब होणारच नाहीत. ते खरे नाही. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पाहिले असता हात धुण्याच्या प्रचाराने गावपातळीवर जुलाबाचे प्रसंग सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात असे दिसते. हे मोठे आहे, पण पिण्याचे पाणीच दूषित असेल तर धुतलेले हात त्याला अडवू शकत नाहीत. ज्या आईने मनापासून हात धुतले आणि तरी तिचे बाळ आजारी पडले, तिला ते वाक्य खोटे ठरलेले दिसले असते. तिथे आता लिहिले आहे: "पोट बिघडण्याचे दिवस कमी होतील. पाणी मात्र गाळून, उकळून प्या."

चित्रफीत पारावर दाखवल्यानंतर तीन आठवड्यांनी आशाताई आणि मी काही घरांत गेलो. हात धुता का असे विचारले नाही, फक्त साबणाच्या वड्या पाहिल्या. ज्या घरी बाटली आणि जाळी संडासाच्या दाराशी टांगली होती तिथे वडी निम्मी झाली होती. जिथे साबण कपाटात नीट ठेवलेला होता तिथे त्याची कडाही झिजली नव्हती. आजींच्या घरी जाळी होती, पण बाटली मुलाने स्वतःच्या उंचीप्रमाणे वर बांधली होती आणि आजींचा हात खांद्यापेक्षा वर जात नव्हता. त्या गडव्यानेच पाणी घेत होत्या. मी सुतळी सोडून बाटली त्यांच्या कमरेच्या उंचीवर खाली घेतली, आणि पुढच्या गावी दाखवायच्या प्रतीत बाटली बांधण्याचे दृश्य आजींच्या हातून नव्याने चित्रित केले.